नरसाळं वाकडं का दिसतं? फनेल, पिरॅमिड आणि चक्र काढताना या चुका टाळा

एका कोचिंग क्लासच्या प्रवेशांची स्लाइड मागच्या महिन्यात माझ्याकडे दुरुस्तीला आली. चार पट्ट्यांचं फनेल होतं: चौकशी, डेमो लेक्चर, फॉर्म, फी. करणाऱ्याने मन लावून केलं होतं, रंगही बरे होते. पण लॅपटॉपवर ठीक दिसणारं ते नरसाळं प्रोजेक्टरवर कोणीतरी लाथ मारल्यासारखं दिसायचं. कडा मध्येच आत जायची, मध्येच बाहेर यायची. “जरा सरळ करून द्या” एवढंच काम होतं. सरळ करताना कळलं की खरी चूक माउसच्या हाताची नव्हती. काढण्याची पद्धतच उलटी होती.

बहुतेक जण पॉवरपॉइंटमध्ये एक `Trapezoid` घेतात, त्याच्या प्रती करतात, प्रत्येक प्रत थोडी अरुंद करतात आणि एकाखाली एक रचतात. प्रत्येक पट्टी वेगळी ओढलेली असल्यामुळे तिची तिरकी बाजू वेगळ्या कोनात येते. आकार निवडल्यावर दिसणारा पिवळा ठिपका केसभर हलला तरी कोन बदलतो. त्यातूनही कोन जुळवले, तरी पट्ट्यांमधली फट घात करते. फनेल खाली जाताना जेवढं अरुंद होतं, तेवढं ते फटीतही अरुंद व्हायला हवं. आपण मात्र वरच्या पट्टीचा तळ आणि खालच्या पट्टीचा माथा एकाच रुंदीचा ठेवतो. मग प्रत्येक फटीपाशी कडेला एक बारीक पायरी पडते.

तपासायचं असेल तर एक बारीक लाल रेघ घ्या आणि फनेलच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत ओढा. झूम ४००% करा. रेघ आणि कडा यांच्यात कुठे चीर दिसली की समजा पट्ट्या रचलेल्या आहेत.

रचू नका, कापा

उपाय सोपा आहे. आधी संपूर्ण नरसाळं एकाच आकारात काढा आणि मग त्याचे काप करा. एकाच आकारातून कापलेल्या तुकड्यांची कडा सरळच राहते. त्या क्लासच्या स्लाइडसाठी मी केलं ते मापांसकट सांगतो.

`Trapezoid` घेतला, `Shape Format` मध्ये उंची १२ सेंमी आणि रुंदी १६ सेंमी टाइप केली. तळ ४ सेंमी हवा होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी ६-६ सेंमी आत. हे पिवळ्या ठिपक्याने अंदाजे जमतं, पण तिथे आकडा टाकायला चौकट नाही. नेमकं हवं असेल तर आकार निवडून `Alt+F11`, मग `Ctrl+G` दाबा आणि खाली उघडलेल्या खिडकीत ही ओळ लिहून एंटर करा:

```
ActiveWindow.Selection.ShapeRange(1).Adjustments.Item(1) = 0.5
```

हा ०.५ कुठून आला? तिरकी बाजू किती आत जाणार हे पॉवरपॉइंट आकाराच्या लहान बाजूच्या प्रमाणात मोजतं. इथे लहान बाजू १२ सेंमी, आत जायचं ६ सेंमी, म्हणून ०.५. यानंतर `Rotate` मधून `Flip Vertical` केलं की रुंद तोंड वर येतं. नवशिके इथे हमखास अडकतात, कारण उलट्या केलेल्या आकारात लिहिलं की अक्षरंही उलटी होतात. म्हणून या आकारात काहीच लिहायचं नाही. काही जण त्याऐवजी `Flowchart: Manual Operation` वापरतात. तो मुळातच उलटा असल्यामुळे अक्षरं सरळ राहतात, पण त्याला पिवळा ठिपका नसतो. तो दर बाजूला रुंदीच्या एक पंचमांश आत जाणारच, त्यामुळे सारख्या उंचीचे पण वेगवेगळ्या रुंदीचे दोन आकार एकमेकांखाली कधी जुळत नाहीत.

आता काप. चार पट्ट्या म्हणजे तीन फटी. फट ०.२ सेंमी धरली तर तीन फटींचे ०.६ सेंमी गेले आणि ११.४ सेंमी उरले. त्याचे चार भाग केले की प्रत्येक पट्टी २.८५ सेंमी. नरसाळ्याची `Vertical position` ४ सेंमी ठेवली, तर ०.२ सेंमी उंच आणि १८ सेंमी रुंद असे तीन आयत ६.८५, ९.९० आणि १२.९५ सेंमीवर आडवे ठेवायचे. ते नरसाळ्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेलेच हवेत. मग आधी नरसाळ्यावर क्लिक, नंतर `Shift` धरून तिन्ही आयतांवर क्लिक आणि `Merge Shapes` मधून `Fragment`. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यांदा निवडलेल्या आकाराचा रंग सगळ्या तुकड्यांना लागतो.

एकदम १३ तुकडे पडलेले बघून घाबरू नका. चार पट्ट्या, फटीतले तीन तुकडे आणि बाहेर आलेली सहा टोकं. नऊ तुकडे डिलीट केले की चार स्वच्छ पट्ट्या उरतात. `Subtract` ही चालतं आणि कचरा कमी होतो, पण मग चारही पट्ट्या मिळून एकच आकार बनतो आणि त्यांना वेगवेगळे रंग देता येत नाहीत.

आता पायरीचा हिशोब बघा. या नरसाळ्याची रुंदी दर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर कमी होते. पहिल्या पट्टीचा तळ १३.१५ सेंमी येतो आणि फटीनंतर दुसरीचा माथा १२.९५. रचणारा माणूस दोन्हीकडे १३.१५ ठेवतो. दर फटीपाशी दर बाजूला एक मिलिमीटरची ती पायरी, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तो मिलिमीटर चांगला बोटभर होतो.

आणखी एक. आकारांची बाह्यरेषा बंद करा, `No Outline`. ०.२ सेंमीची फट म्हणजे साधारण ५.७ पॉइंट. ३ पॉइंटची बाह्यरेषा अर्धी बाहेर येते, तीही वरून आणि खालून, आणि निम्म्याहून जास्त फट खाऊन टाकते. फटीऐवजी पांढरी बाह्यरेषा देण्याचा शॉर्टकटही टाळा. पार्श्वभूमी निळी केली की त्या पांढऱ्या रेघा दातांतल्या सळ्यांसारख्या चमकतात.

अक्षरं बाहेर ठेवा

सर्वात खालची पट्टी ६.८५ वरून ४ सेंमीवर येते. तिथे “प्रवेश निश्चित झालेले विद्यार्थी” बसवायला गेलं की फॉन्ट लहान होत जातो आणि चार पट्ट्यांत चार वेगळे फॉन्ट दिसू लागतात. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे दोन ओळी घुसवल्या तर मात्रा एकमेकींत अडकतात. पट्टीत फक्त आकडा लिहा. नावं उजवीकडे, सगळी एकाच डाव्या कडेला लावून, एकाच फॉन्टमध्ये. टेक्स्ट बॉक्सचं डावीकडचं अंतर, जे मुळात ०.२५ सेंमी असतं, शून्य केलं की अक्षरं नेमकी ओळीत येतात.

चित्र खोटं तर बोलत नाही ना?

कडा सरळ झाल्या, स्लाइड देखणी झाली, आणि तेव्हाच मला मोठी चूक दिसली. आकडे होते ४८०, २१०, ९६ आणि ७२. फी भरणारे चौकशी करणाऱ्यांच्या १५ टक्के. पण माझ्या सुबक नरसाळ्यात शेवटच्या पट्टीचं क्षेत्रफळ पहिलीच्या ३७ टक्के होतं. बघणाऱ्याला वाटणार, बरे टिकलेत की! आणि खरी गळती पहिल्याच टप्प्यावर होती, ४८० मधले २७० डेमोला आलेच नव्हते. सरळ उताराचं नरसाळं ती गळती झाकून टाकतं.

म्हणून आकडे दाखवायचे असतील तर उतार सोडून द्या. मध्यभागी लावलेले साधे आयत घ्या. ४८० साठी १६ सेंमी धरले तर बाकीचे ७, ३.२ आणि २.४ सेंमी. चित्र नरसाळ्यासारखं देखणं होत नाही, पहिल्या पायरीवर धाडकन पडतं, पण सांगायचं तेच तर होतं. एक्सेल २०१९ किंवा ३६५ असेल तर तिथला `Funnel` चार्ट हेच करून देतो. क्लासवाल्यांना आधी ते आवडलं नाही. नंतर त्यांनी डेमोची वेळ बदलायचं ठरवलं, असं कळलं.

(घरातलं नरसाळं, खरं तर, काहीच गाळत नाही. वरून ओतलेलं सगळं तेल खाली उतरतं. या चित्राला चाळणी म्हटलं असतं तर जास्त बरं झालं असतं.)

पिरॅमिडमध्येही क्षेत्रफळच फसवतं. त्रिकोणाचे समान उंचीचे चार थर केले की त्यांची क्षेत्रफळं वरून खाली १, ३, ५, ७ या प्रमाणात येतात. शिखर पूर्ण त्रिकोणाच्या फक्त सोळाव्या भागाएवढं. पदांची उतरंड दाखवायला ते चालतं, पण पातळ्या सारख्याच महत्त्वाच्या असतील तर पिरॅमिड घेऊच नका. शिवाय वर म्हणजे श्रेष्ठ की वर म्हणजे कमी, हे आकार सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १९९२ च्या आहार पिरॅमिडमध्ये शिखरावर तेल-साखर होती, म्हणजे सर्वात कमी खायचे पदार्थ. २००५ मध्ये त्यांनी पट्टे उभे केले आणि २०११ मध्ये पिरॅमिड सोडून ताट काढलं. काढायची पद्धत मात्र तीच: मोठा त्रिकोण आणि आडवे काप.

चक्रातली गंमत

वर्तुळाकार पट्टा केंद्रातून जाणाऱ्या आयतांनी कापायचा म्हटलं की सहा भागांना तीन आयत पुरतात, ०, ६० आणि १२० अंशांत फिरवलेले. पाच भागांना मात्र ही युक्ती चालत नाही, कारण केंद्रातून जाणारा प्रत्येक आयत त्या पट्ट्याला दोन ठिकाणी कापतो. विषम संख्येसाठी गोल ठेवून बाण लावणं सोपं. त्या क्लासच्या दुसऱ्या स्लाइडवर असंच चक्र होतं: शिकवणं, सराव, चाचणी, तपासणी, उजळणी. गोलांची केंद्रं डोळ्यांनी लावली होती आणि तपासणी थोडी खाली घसरली होती.

५ सेंमी त्रिज्येवर पाच गोलांची केंद्रं चक्राच्या मध्यापासून अशी येतात: पहिला मधोमध ५ सेंमी वर. दुसरा आणि पाचवा उजवीकडे-डावीकडे ४.७६ आणि १.५५ वर. तिसरा आणि चौथा उजवीकडे-डावीकडे २.९४ आणि ४.०५ खाली. पॉवरपॉइंट `Position` मध्ये आकाराचा वरचा डावा कोपरा मोजतं, म्हणून चक्राच्या मध्याच्या जागेत ही मापं धरून आलेल्या प्रत्येक आकड्यातून गोलाचा अर्धा व्यास वजा करायला विसरू नका. सगळं चक्र तिरकं सरकलेलं दिसलं तर नव्वद टक्के वेळा हेच विसरलेलं असतं.

बाणांसाठी उजवीकडे बघणारा साधा बाण घ्या. दोन गोलांच्या मध्ये तो ३६, १०८, १८०, २५२ आणि ३२४ अंशांवर येतो, आणि `Rotation` मध्येही हेच आकडे टाकायचे. बाण आपोआप घड्याळाच्या दिशेने वळतात. आणि शेवटचा बाण लावण्याआधी विचारा: उजळणीनंतर खरंच पुन्हा शिकवणं सुरू होतं का? क्लासवाल्यांनी सांगितलं, नाही, उजळणीनंतर परीक्षा. मग मी चक्र काढून टाकलं आणि पाच चौकोनांची एक सरळ रांग ठेवली.