सुटलेल्या गणितात नवी अट आली तर: ड्युअल सिम्प्लेक्सने उत्तर कसे सावरावे

रेषीय प्रायोजनाचे, म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंगचे गणित सोडवून झाले, शेवटचा तक्ता हातात आहे आणि तेवढ्यात एक नवी अट येते. अशा वेळी बहुतेक जण सगळे गणित पहिल्यापासून मांडतात. त्याची गरज नसते. नवी अट आली तरी जुन्या तक्त्यातली नफ्याची ओळ जशीच्या तशी शाबूत राहते. बिघडते ते फक्त उजव्या बाजूचे एक चिन्ह. तेवढेच दुरुस्त करण्याची रीत सी. ई. लेम्के यांनी १९५४ साली मांडली आणि तीच ड्युअल सिम्प्लेक्स म्हणून ओळखली जाते. साधा सिम्प्लेक्स येत असेल, तर ही रीत एका छोट्या गणितावर पूर्ण समजते.

एक सुतार आठवड्याला चौरंग आणि पाट बनवतो. एका चौरंगामागे ४०० रुपये सुटतात, पाटामागे ३००. चौरंगाला २ फळ्या लागतात, पाटाला १, आणि फळ्या आहेत १०. दोन्हींना सुतारकामाचा एकेक दिवस लागतो आणि आठवड्यात कामाचे दिवस ६. चौरंगांची संख्या x, पाटांची y, नफा शेकड्यांत z, उरलेल्या फळ्या s1 आणि उरलेले दिवस s2 असे धरू.

```
कमाल  z = 4x + 3y
2x + y + s1 = 10
 x + y + s2 = 6
```

हे सोडवल्यावर शेवटचा तक्ता असा येतो:

```
      x   y   s1   s2  |  उजवी बाजू
x     1   0    1   -1  |   4
y     0   1   -1    2  |   2
z     0   0    1    2  |  22
```

म्हणजे ४ चौरंग, २ पाट आणि नफा २,२०० रुपये. शेवटच्या ओळीत एकही ऋण संख्या नाही, म्हणून हे उत्तर इष्टतम आहे. ही ओळ नीट लक्षात ठेवा, पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

आता पॉलिशवाला सांगतो की या आठवड्यात त्याला १५ तासच देता येतील. चौरंगाच्या पॉलिशला ३ तास लागतात, पाटाला २. नवी अट झाली `3x + 2y ≤ 15`.

पहिली पायरी: जुने उत्तर नव्या अटीत बसते का ते पाहा

४ चौरंगांचे १२ तास आणि २ पाटांचे ४, मिळून १६. मर्यादा १५ तासांची, म्हणजे अट मोडली. बसली असती तर काम इथेच संपले असते. नव्या अटीने पर्याय कमी होतात, वाढत नाहीत. त्यामुळे जुने उत्तर त्या कमी झालेल्या पर्यायांतही टिकले, तर तेच सर्वांत चांगले राहते.

दुसरी पायरी: नवी ओळ तक्त्याच्या भाषेत आणा

अटीला स्वतःचा स्लॅक चल द्या: `3x + 2y + s3 = 15`. ही ओळ अशीच तक्त्याखाली चिकटवायची नाही. परीक्षेच्या पेपरात सर्वांत जास्त चुका इथे दिसतात. x आणि y हे तक्त्यातले बेसिक चल आहेत आणि बेसिक चलाच्या स्तंभात त्याच्या स्वतःच्या ओळीत १ आणि बाकी सगळीकडे शून्यच असायला हवे. नव्या ओळीत तिथे ३ आणि २ बसले आहेत, ते आधी काढायचे.

त्यासाठी नव्या ओळीतून x च्या ओळीची ३ पट आणि y च्या ओळीची २ पट वजा करा. s1 चा सहगुणक येतो -3 + 2 = -1. s2 चा येतो 3 - 4 = -1. उजवी बाजू 15 - 12 - 4 = -1.

```
      x   y   s1   s2   s3  |  उजवी बाजू
x     1   0    1   -1    0  |   4
y     0   1   -1    2    0  |   2
s3    0   0   -1   -1    1  |  -1
z     0   0    1    2    0  |  22
```

उजवीकडचा -1 म्हणजे पहिल्या पायरीत दिसलेली एका तासाची तूट. हा ताळा प्रत्येक वेळी करावा. अट जेवढ्याने मोडली तेवढीच ऋण संख्या तिथे आली नाही, तर वजाबाकीत कुठेतरी गफलत आहे. आणखी एक पाहा: ओळी वजा करताना z च्या ओळीला आपण हातही लावलेला नाही. ती अजून धनच आहे.

अट ≥ प्रकारची असेल तर आधी दोन्ही बाजूंना -1 ने गुणून ≤ करून घ्या. बरोबर चिन्हाची अट असेल तर तिच्या ≤ आणि ≥ अशा दोन अटी करा.

तिसरी पायरी: कोण बाहेर जाणार, कोण आत येणार

नेहमीच्या सिम्प्लेक्समध्ये आत येणारा चल आधी ठरतो. इथे क्रम उलटा. ज्या ओळीची उजवी बाजू ऋण आहे तिचा चल बाहेर जातो. अशा ओळी अनेक असतील, तर हाताने सोडवताना सर्वांत जास्त ऋण असलेली घ्या. आपल्याकडे एकच आहे, s3.

आत येणारा चल त्या ओळीच्या ऋण सहगुणकांतूनच निवडायचा. z च्या ओळीतल्या संख्येला त्या सहगुणकाच्या चिन्हाविना किमतीने भागा आणि सर्वांत लहान गुणोत्तर घ्या. s1 साठी 1/1 = 1, s2 साठी 2/1 = 2. म्हणून s1 आत.

सर्वांत लहानच का, हे समजले की नियम पाठ करावा लागत नाही. एक फळी वापराविना ठेवली की पॉलिशचा एक तास वाचतो आणि त्यासाठी १०० रुपये नफा सोडावा लागतो. सुताराचा एक दिवस रिकामा ठेवला तरी एकच तास वाचतो, पण मोजावे लागतात २०० रुपये. तूट तेवढीच भरून निघत असेल, तर स्वस्त मार्ग धरायचा.

चुकून महाग मार्ग धरला तर काय होते? s2 आत घेऊन पाहा: ५ चौरंग, ० पाट, नफा २,०००. हे उत्तर सगळ्या अटींत बसते, म्हणून वरवर ठीक वाटते. पण z च्या ओळीत s1 खाली -1 येतो. चुकीच्या पिव्होटची हीच खूण. पिव्होटनंतर z च्या ओळीत ऋण संख्या दिसली, तर एक पाऊल मागे जाऊन गुणोत्तरे पुन्हा तपासा.

चौथी पायरी: पिव्होट करा

पिव्होट म्हणजे s3 च्या ओळीतला s1 खालचा -1. ती ओळ -1 ने भागा, मग x आणि z च्या ओळींतून ती वजा करा आणि y च्या ओळीत मिळवा.

```
      x   y   s1   s2   s3  |  उजवी बाजू
x     1   0    0   -2    1  |   3
y     0   1    0    3   -1  |   3
s1    0   0    1    1   -1  |   1
z     0   0    0    1    1  |  21
```

उजवी बाजू सगळी धन, z ची ओळही धन. ३ चौरंग, ३ पाट, नफा २,१०० रुपये आणि एक फळी शिल्लक. एका पिव्होटमध्ये काम झाले.

z ची ओळ आणखी एक उपयोगाची गोष्ट सांगते. s3 खालचा 1 म्हणजे पॉलिशच्या एका जादा तासाची किंमत १०० रुपये. पॉलिशवाला ८० रुपये घेऊन एक तास जास्त थांबायला तयार असेल, तर त्याला थांबवावे. मात्र एकच तास. १६ तास झाले की पॉलिशची अडचणच संपते आणि पुढच्या तासाची किंमत शून्य होते.

एका पिव्होटने भागले नाही तर

पॉलिशवाल्याकडे ११ च तास आहेत असे धरा. s3 च्या ओळीत उजवीकडे -5 येईल, बाकी आकडे तेच. तोच पिव्होट केला की y = 7, s1 = 5, z = 17, पण x = -1. उणे एक चौरंग! इथे गोंधळून जाऊ नका. आता x ची ओळ ऋण आहे, म्हणून x बाहेर जाईल. त्या ओळीत ऋण सहगुणक फक्त s2 चा, -2. त्यावर पिव्होट केला की x = 0, y = 5.5, s1 = 4.5, s2 = 0.5 आणि z = 16.5. साडेपाच पाटांचे ११ तास, ताळा जुळतो.

या प्रवासात z २२ वरून १७ वर आणि तिथून १६.५ वर आला. कमाल नफ्याच्या गणितात ड्युअल सिम्प्लेक्समध्ये z कधी वाढत नाही. मधली उत्तरे प्रत्यक्षात आणण्याजोगी नसतात, पण प्रत्येक टप्प्यावरचा z ही खऱ्या नफ्याची वरची मर्यादा असते. साडेपाच पाट कोणी विकत नाही, म्हणून पुढे `y ≤ 5` आणि `y ≥ 6` अशा दोन वाटा करून प्रत्येकीत पुन्हा हीच रीत चालवता येते. आयल्सा लँड आणि अॅलिसन डॉइग यांच्या १९६० सालच्या ब्रँच अँड बाउंड पद्धतीची कल्पना हीच. एखाद्या वाटेवर z आधी सापडलेल्या पूर्णांकी उत्तराच्या खाली गेला, की ती वाट तिथेच सोडता येते. आपल्या गणितात शेवटी १ चौरंग आणि ४ पाट हे उत्तर निघते, नफा १,६००.

उत्तरच नसेल तर

समजा अट आली की एकूण ७ नग हवेतच: `x + y ≥ 7`. -1 ने गुणून आणि x, y काढून टाकल्यावर मूळ तक्त्यात ओळ येते `s2 + s3 = -1`. उजवी बाजू ऋण आहे, पण डावीकडे एकही ऋण सहगुणक नाही. शून्य किंवा धन अशा दोन संख्यांची बेरीज -1 होऊच शकत नाही. म्हणजे या अटींत बसणारे उत्तरच नाही. ६ दिवसांत ७ नग होणार नाहीत, हेच ती ओळ सांगते. अशी ओळ दिसली की थांबा. पिव्होटसाठी धन सहगुणक वापरून पाहण्याचा मोह टाळा.

ही रीत कधी लागू नाही

ही रीत चालते ती z ची ओळ धन असेल तरच. नव्या अटीबरोबर चौरंगाचा भावही बदलला असेल, तर आधी z ची ओळ नव्या भावाने काढा. तिथे ऋण संख्या आली आणि उजवीकडेही ऋण असेल, तर थेट ड्युअल सिम्प्लेक्स चालणार नाही. अशा वेळी आधी जुन्या अटींवर, नवी ओळ न जोडता, नेहमीचा सिम्प्लेक्स चालवून नवे इष्टतम काढा आणि मग नवी अट जोडा.

संगणकावर सोडवत असाल तर नवी अट घालण्यासाठी मॉडेल नव्याने बांधू नका. HiGHS या सॉल्व्हरमध्ये सुटलेल्या मॉडेलवरच, इथे h वर, ओळ जोडता येते:

```python
h.addRow(-highspy.kHighsInf, 15, 2,
         np.array([0, 1]), np.array([3.0, 2.0]))
h.run()
```

असे केल्याने जुने बेसिक चल सांभाळले जातात आणि सॉल्व्हर तिथूनच पुढे जातो. ते खरेच झाले का, हे लॉगमधल्या पुनरावृत्त्यांच्या आकड्यावरून कळते. एक अट घातल्यावर तो आकडा पहिल्या वेळेइतकाच मोठा असेल, तर जुना बेसिस कुठेतरी पुसला गेला आहे. HiGHS अट मोडल्याचे 0.0000001 पर्यंत खपवून घेतो. म्हणून नवी अट लाखांच्या आकड्यांत आणि बाकीच्या एकेरी आकड्यांत असतील, तर ती जोडण्यापूर्वी सोयीच्या संख्येने भागून घ्यावी.