साडेनऊच्या फोनची रिकामी जागा : मोठं नातं संपल्यावर या चुका टाळा

टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका मुलीने मला चहाची गोष्ट सांगितली. कोल्हापूरचं स्थळ होतं. घरच्यांची भेट झाली, पसंती कळली, मग दोघांनी एकदा बाहेर भेटायचं ठरलं. हॉटेलात वेटर आल्यावर ती मुलाला न विचारताच म्हणाली, "एक साधा, एक बिनसाखरेचा." मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. तो चहात साखर घेतो. बिनसाखरेचा चहा पिणारा दुसराच होता, आणि त्याच्याशी असलेलं तिचं सात वर्षांचं नातं अडीच महिन्यांपूर्वी संपलं होतं.

ही गोष्ट मी तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे. आपल्याकडे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात, एका नात्यातून बाहेर पडून थेट दुसऱ्यात जाणं पुष्कळदा असंच घडतं. शहरातल्या मुलांसारखं ॲपवरून नव्हे, तर घरच्यांनी आणलेल्या स्थळातून. त्यामुळे ते ओळखू येत नाही.

तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, मी फार लवकर केलं का?" बहुतेकजण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच पहिली चूक होते. नातं सात वर्षांचं, मग साडेतीन वर्षं थांबावं, असे हिशेब मित्रमंडळीत सांगितले जातात. त्यांना कसलाही आधार नाही. क्लॉडिया ब्रंबॉ आणि क्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ब्रेकअपनंतर नवं नातं जोडलेल्यांचा आत्मविश्वास एकट्या राहिलेल्यांपेक्षा बरा दिसला. लवकर जोडलेल्यांचंही त्यामुळे बिघडल्याचं दिसलं नाही. यावरून लवकर जोडावं असा अर्थ मात्र काढू नका, कारण मुळात जे सावरलेले होते तेच लवकर पुढे गेले असतील. महिने मोजून तयारी कळत नाही, एवढं मात्र नक्की. नव्या माणसाला आपण कशासाठी वापरतो आहोत, हे बघावं लागतं.

तिच्या बाबतीत ते घड्याळात दिसत होतं. सात वर्षं रोज रात्री साडेनऊला ती गच्चीवर जायची आणि फोन लावायची. ऑफिसात काय झालं, आई काय म्हणाली, उद्या कुठला ड्रेस घालायचा, सगळं तिथे बोललं जायचं. नातं संपलं, पण साडेनऊ रोज वाजतच होते. त्या वेळेला छातीत धडधडायचं, हात फोनकडे जायचा. कोल्हापूरच्या मुलाचा नंबर मिळाला तसा दुसऱ्याच आठवड्यात तो साडेनऊच्या जागी बसला. धडधड थांबली. "त्याच्याशी बोललं की मला इतकं शांत वाटतं," असं ती म्हणायची आणि या शांततेला ती प्रेम समजत होती.

मोठ्या नात्यात माणसाबरोबर शेकडो सवयी तयार होतात. आपल्याला धीर द्यायचं काम आपलं शरीर त्या एका आवाजावर सोपवून मोकळं होतं. तो आवाज गेला की जी तळमळ होते ती खरी असते, पण ती कुठल्याही प्रेमळ आवाजाने थोडी शमते. म्हणून शांत वाटलं, एवढ्यावरून नव्या माणसाबद्दल काही कळत नाही.

ओळखायचं कसं? मी तिला विचारलं, "एखाद्या रात्री त्याचा फोन आला नाही तर काय होतं?" ती म्हणाली, "जीव कासावीस होतो." मी विचारलं, "त्या दिवशी त्याचं काय चाललं होतं, हे मनात येतं का? त्याच्या कंपनीतलं, त्याच्या घरचं?" ती बराच वेळ गप्प बसली. दीड महिना रोज बोलून तिला त्याच्या बहिणीचं नाव माहीत नव्हतं. तो तिला विचारायचा, ती सांगायची. उलट दिशेने काहीच येत नव्हतं आणि ते तिला जाणवलंही नव्हतं.

इथे मी जे सांगते ते अवघड वाटतं, पण करता येतं. ती जागा चार आठवडे रिकामी ठेवायची. मैत्रिणीच्या फोनने भरायची नाही, दुसऱ्या मुलाच्या मेसेजने तर नाहीच. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि झोपताना वहीत एकच ओळ लिहायची, आज साडेनऊला काय झालं. चार आठवडे हा काही शास्त्राने ठरवलेला आकडा नाही. बदल दिसायला एवढा वेळ बहुधा पुरतो, हा माझा अनुभव आहे. तिच्या वहीत पहिल्या आठवड्यात "रडले", "फोन आणायला उठले, परत बसले" असंच होतं. दुसऱ्यात राग आला, जुन्या माणसावर आणि वडिलांवरही. तिसऱ्यात ती वहिनीबरोबर व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला फिरायला जायला लागली. चौथ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी लिहिलं होतं, "आज बघितलं तेव्हा दहा वाजून गेले होते." मी त्या ओळीची वाट बघत होते.

आता स्टेटसबद्दल. आपलं गाव तसं लहानच आहे. खडेबाजारात, आरपीडी क्रॉसला, लग्नाकार्यात जुना माणूस भेटतोच. दोघांचे मित्र तेच असतात. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत तिला तो त्याच्या ग्रुपबरोबर दिसला. घरी येऊन तिने कोल्हापूरच्या मुलाबरोबर जेवतानाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला आणि तासाभरात कोणी बघितलं ती यादी अकरा वेळा उघडली. ती एकच नाव शोधत होती. फोटोतला मुलगा त्या क्षणी नुसता निरोप झाला होता, जुन्या माणसाला धाडलेला. नव्या नात्यातली आनंदाची बातमी सगळ्यात आधी कोणाला कळावी असं वाटतं, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. उत्तर जुनं नाव असेल तर अजून थांबायला हवं. जुन्या जोडीदाराचं फेसबुक सतत बघत राहणाऱ्यांचं दुःख आणि ओढ जास्त असते, असं टॅरा मार्शल यांच्या 2012 च्या अभ्यासात दिसलं होतं. ब्लॉक करायचं नसेल तर निदान त्याचं स्टेटस म्यूट करा आणि स्वतःचं स्टेटस त्याच्यापुरतं लपवा. दुसरी गोष्ट लोक विसरतात, आणि यादी उघडायची सवय तिथेच जिवंत राहते.

आपल्या भागातली सगळ्यात खोल चूक मात्र स्थळाला होकार देण्यातली आहे. तिचा तो कन्नड घरातला होता. सात वर्षं दोन्ही घरांना माहीत नव्हतं, कळल्यावर दोन्हीकडून नकार आला आणि शेवटी तोच मागे सरला. घरात लगेच सुरू झालं, "झालं ते झालं, पावसाच्या आधी साखरपुडा उरकू." आईवडील वाईट नसतात. लेकीचं दुःख बघवत नाही आणि त्यांना ठाऊक असलेलं औषध हे एकच. पण अशा वेळी दिलेला होकार समोरच्या मुलासाठी नसतोच. कधी तो वडिलांना दिलेली शरणागती असतो, कधी जुन्याला दिलेलं उत्तर, कधी नुसती "आता हे बोलणं थांबवा" अशी विनवणी. मी तिला विचारलं, "उद्या घरचे म्हणाले की तीन वर्षं लग्नाचा विषय काढणार नाही, तर तू या मुलाला भेटशील?" ती लगेच "नाही" म्हणाली आणि मग रडायला लागली.

घरी वेळ मागताना "नंतर बघू" म्हणू नका. ते कोणी ऐकत नाही, दर रविवारी नवा फोटो येतो. तारीख द्या. तिने वडिलांना सांगितलं, "बाबा, तुळशीच्या लग्नापर्यंत एकही स्थळ नको. त्यानंतर तुम्ही दाखवाल ते मी मनापासून बघेन." ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं, पण मग मागे फिरायचं नाही." लग्नाचा मोसम नाहीतरी तुळशीच्या लग्नानंतरच सुरू होतो. वडिलांना मावशी-काकांना सांगायला कारण मिळालं.

कोल्हापूरच्या मुलाला काय सांगायचं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. सगळं सांगून टाकावं असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, त्याच्यापुढे रडून मोकळं होणं म्हणजे पुन्हा त्यालाच कामाला लावणं. तीन वाक्यं पुरेत. ती भेटली आणि म्हणाली, "माझं सात वर्षांचं नातं यंदाच तुटलंय. मी तुमच्याशी बोलत होते ते त्या दुःखातून सुटायला, हे मला आता कळलं. तुमचा वेळ मी आणखी घेणं बरोबर नाही." तो दुखावला. "मला वाटलंच होतं चहाच्या वेळी," एवढंच म्हणाला. दिवाळीच्या आधी त्याचा साखरपुडा दुसरीकडे ठरल्याचं तिला कळलं. तिला वाईट वाटलं, कारण मुलगा खरोखर चांगला होता.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कामावर जाववत नाही, किंवा जगू नये असं वाटतं, तर तो तयारीचा प्रश्न राहत नाही. त्याला उपचार लागतात. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन मोफत आहे आणि मराठीत, कन्नडमध्येही बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे.

जुनी गोष्ट कशी सांगता येते, यावर मी शेवटी भर देते. तुटलेल्या नात्याची हकीकत दोन मिनिटांत सांगून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. जूनमध्ये तिची हकीकत बावीस मिनिटं चालली आणि प्रत्येक वाक्यात "त्याने" होतं. जणू कोर्टात उभी होती. सप्टेंबरमध्ये ती म्हणाली, "आम्ही घरी सांगायला सात वर्षं लावली, त्यात माझीही भीती होती. वेळ आल्यावर तो उभा राहिला नाही. मला त्याची हसायची पद्धत अजून आवडते." आणि थांबली. आठवण पुसली जायला हवी असं नाही. हकीकतीत स्वतःचा वाटा आला आणि ती संपवता आली, हे पुरेसं.

गणपतीनंतर तो तिला खडेबाजारात समोरासमोर भेटला. तिने त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, भाजी घेतली, घरी आली. वहिनीला हे सांगायचं तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुचलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर निपाणीचं स्थळ आलं. पहिल्या भेटीनंतर तिचा मला फोन आला, मुलाला तीन बहिणी आहेत आणि धाकटी धारवाडला शिकते, हे सांगत सांगतच. सात वर्षांबद्दल कधी सांगायचं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, घरच्यांची बोलणी पक्की व्हायच्या आधी, फक्त त्याला आणि दिवसाउजेडी. रात्री साडेनऊला फोनवर नको.