करार संपवण्याचं पत्र: हक्क राखून ठेवताना या चुका टाळा

वाळूजमधल्या एका कारखान्याला कास्टिंग पुरवणाऱ्याशी करार संपवायचा आहे, असं धरा. ॲडव्हान्सचे 4 लाख अडकलेत, डाय पुरवठादाराकडे आहेत आणि आठव्या लॉटची तपासणी चालू आहे. मालक वैतागून लिहितो, "आजपासून करार रद्द. डाय परत करा, विषय संपला."

महिन्याभराने तपासणीचा रिपोर्ट येतो, माल सदोष निघतो. भरपाई मागितली की पुरवठादार हेच पत्र पुढे करणार: तुम्हीच लिहिलंत ना, विषय संपला? भारतीय करार कायद्याच्या कलम 63 नुसार समोरच्याला त्याच्या जबाबदारीतून मोकळं करता येतं. तुम्ही तसंच केलं, असं तो म्हणेल. हा वाद टाळायला पत्रात असं लिहावं:

"या पत्रामुळे आम्ही करारातील किंवा कायद्यातील कोणताही हक्क सोडला आहे असे समजू नये. विशेषतः 4 लाखांचा ॲडव्हान्स, आठव्या लॉटची भरपाई आणि इतरत्र जादा दराने केलेल्या खरेदीचा फरक, यांवरील हक्क आम्ही राखून ठेवतो."

नुसतं "सर्व हक्क राखीव" चालतं, पण ते ढोबळ वाटतं. रक्कम, लॉट नंबर घातला की नंतर टाळाटाळ करणं अवघड जातं.

मात्र या वाक्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. आधीचे लॉट उशिरा आले आणि तुम्ही मुकाट्याने उतरवून घेतले, तर? जिथे वेळ कराराचा गाभा होती, तिथे कलम 55 प्रमाणे माल स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याचं कळवावं लागतं. चलनावर किंवा त्याच दिवशीच्या ईमेलमध्ये तसं लिहिलं नसेल, तर नंतरचं पत्र ती चूक भरून काढत नाही. करारात दोष सुधारायला 15 दिवसांची नोटीस द्यायची अट असेल आणि ती दिलीच नसेल, तरीही हे वाक्य वाचवत नाही. दाव्याची मुदतही त्याने थांबत नाही. कराराच्या भरपाईसाठी ती साधारण तीन वर्षं असते.

आणखी एक नेहमीची गफलत म्हणजे पत्राच्या माथ्यावर "विदाउट प्रेजुडिस" टाकणं. हा शेरा तडजोडीच्या बोलणीसाठी असतो. करार संपवण्याच्या पत्रावर तो पडला, की समोरचा वकील म्हणतो, ही बोलणी होती, करार संपलाच नाही. पत्र पाठवून पुन्हा जुन्याच अटींवर पीओ काढला, तर त्याचं काम आणखी सोपं.

हे वाक्य कधी घालू नये? दोघांनी बसून हिशेब मिटवला आणि "पूर्ण व अंतिम" म्हणून सही केली, तिथे सगळे हक्क राखून ठेवणं विसंगत ठरतं. समोरचा सहीच करणार नाही. तिथे वॉरंटी आणि ड्रॉइंगची गोपनीयता एवढेच अपवाद नावानिशी लिहावेत.