ऑर्डरचा मेसेज ‘मग’ने सुरू करू नका : टॉवेल-चादरीच्या धंद्यात रोज होणाऱ्या चुका

‘मग तेच फायनल. फक्त निळा थोडा कमी करा. वजन मागच्यासारखंच. काकांशी बोलणं झालंय.’

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी ऑर्डरी घेतो. असे मेसेज रोज येतात. पाठवणारा अडाणी नसतो, हिशोबाला पक्का असतो. पण नुकताच फोन ठेवलेला असतो आणि ते सगळं बोलणं त्याच्या कानात अजून ताजं असतं. मेसेज म्हणजे त्या बोलण्याचं फक्त शेपूट. ज्याच्या फोनवर तो जातो, त्याने ते बोलणं ऐकलेलंच नसतं. ‘तेच’ म्हणजे कोणतं? ‘मागचं’ म्हणजे कधीचं? काका कोण, आणि त्यांनी नेमकं काय कबूल केलं?

वरचा मेसेज खरा आहे. त्याचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण ही एकच चूक बाकी सगळ्या चुकांची आई आहे.

फोनवरचं बोलणं मेसेजमध्ये आहे असं धरून चालणं

बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने आमच्या मोठ्या भागीदारांशी, म्हणजे काकांशी, फोनवर ऑर्डर ठरवली. 30×60 इंची टॉवेल, मरून 60 डझन, निळा 60 डझन. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, निळा एवढा खपणार नाही. म्हणून त्याने वरचा मेसेज टाकला, पण काकांना नाही, ऑफिसच्या नंबरवर. काका तोवर लग्नाला गावी निघून गेले होते. ऑफिसात नवीन लागलेल्या मुलाने वहीत काकांच्या हातचे ‘मरून 60, निळा 60’ हे आकडे पाहिले, तेच डाईंगवाल्याला कळवले आणि व्यापाऱ्याचा मेसेज जसाच्या तसा त्याला फॉरवर्ड केला.

आता डाईंगच्या माणसाच्या जागी बसून वाचा : ‘निळा थोडा कमी करा.’ त्याच्या कामात ‘कमी करा’ म्हणजे शेड फिकी करा. दिवसातून दहा वेळा हेच शब्द त्याच्या कानावर पडतात. त्याने निळा उतरवला आणि 60 डझनाचं सूत फिकट रंगवून दिलं. व्यापाऱ्याला रंग तोच हवा होता, 60 ऐवजी 40 डझन हवे होते. म्हणजे रंगही चुकला आणि नगही चुकले. डाईंगवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात जे शब्द पडले, त्यांचा त्याच्या धंद्यातला सरळ अर्थ त्याने लावला.

पहिल्या मालाचा फोटो गेला तेव्हा व्यापाऱ्याचा फोन आला, ‘अहो, हा कुठला निळा?’ तोवर पाईलचं बीम मागावर चढून निम्मं विणून झालं होतं. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ. टॉवेलला अशी दोन बीमं लागतात, एक खालच्या कापडाचं आणि एक वरच्या फाशांचं, म्हणजे पाईलचं. रंग दिसतो तो पाईलचा. चढलेलं बीम उतरवून परत रंगवता येत नाही, म्हणून ते फिकटच विणून काढलं. न चढवलेलं सूत परत डाईंगला गेलं. फिक्यावर गडद चढवता येतं, एवढं बरं झालं. गडदचं फिकं करायचं असतं तर आधी रंग काढावा लागला असता, आणि त्यात सुताची ताकद जाते. पण दोनदा रंगवलेला निळा उन्हात धरल्यावर आधीच्या लॉटपेक्षा वेगळा दिसायचाच. त्याची वेगळी गठडी बांधली आणि व्यापाऱ्याला तसं सांगूनच दिली. फिकट टॉवेल गोदामात पडून राहिले, नंतर चाटी गल्लीत भाव पाडून गेले.

त्याच मेसेजमधलं ‘वजन मागच्यासारखंच’ हे वाक्य आम्हाला बुडवणार होतं, ते मुकादमामुळे टळलं. त्या व्यापाऱ्याची मागची दोन बिलं होती. एकात 400 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम वजनाचा माल, दुसऱ्यात 500 चा. 30×60 इंची टॉवेल 400 जीएसएममध्ये साधारण 465 ग्रॅमचा होतो, म्हणजे डझनाला 5.6 किलो. 500 मध्ये तोच 580 ग्रॅमचा, डझनाला जवळपास 7 किलो. शंभर डझनामागे 140 किलो सुताचा फरक. मुकादमाने बीम भरायच्या आधी विचारलं, ‘मागचं म्हणजे 400 चं बिल का 500 चं?’ फोन लावल्यावर कळलं, त्याला शेवटचं नाही, त्याच्या आधीचं बिल म्हणायचं होतं.

तोच मेसेज असा यायला हवा होता :

‘18 जूनला काकांशी फोनवर ठरलेली टॉवेलची ऑर्डर. साइझ 30×60 इंच, वजन डझनाला 5.6 किलो. मरून 60 डझन. निळा 60 सांगितला होता, तो 40 डझन करा. निळ्याची शेड मार्चच्या बिलातलीच, त्यात बदल नाही. माल 10 जुलैपर्यंत.’

लिहायला दोन मिनिटं लागतात. एवढा वेळ नाही म्हणणारे नंतर अर्धा दिवस फोनवर भांडत बसतात, हे मी बघत आलोय. यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य निळ्याचं आहे. बदल सांगताना आधी काय होतं आणि आता काय, दोन्ही लिहायचं. नुसतं ‘निळा 40’ लिहिलं, तर आधीच्या 60 मध्ये हे 40 वाढवायचे का, असा प्रश्न पडणारा माणूस कुठेतरी असतोच.

मेसेज पाठवायच्या आधी मी वरचं सगळं चॅट अंगठ्याने झाकतो आणि फक्त तेवढाच मेसेज वाचतो. मागावर उभ्या माणसाला एवढ्यावर काम करता येईल का? येत नसेल तर तो मेसेज अजून झालेला नाही.

फॉरवर्ड करून मोकळं होणं

माझा सगळ्यात जास्त राग या शॉर्टकटवर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या मेसेजला धरून रिप्लाय दिला की वर तो जुना मेसेज दिसतो, आणि आपल्याला वाटतं संदर्भ जोडला गेला. त्या दोघांच्या चॅटमध्ये तो जोडलेला असतो. पण तोच रिप्लाय तिसऱ्याला फॉरवर्ड केला की वरचा जुना मेसेज गळून पडतो. मूळ कोणी लिहिलं आणि कधी, हेही जात नाही. तुमच्या फोनवर ‘निळा किती डझन?’ च्या खाली ‘थोडा कमी करा’ दिसत असतं. डाईंगवाल्याच्या फोनवर फक्त ‘थोडा कमी करा’ पोहोचतं. पाठवणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, म्हणून चूक पकडली जात नाही.

आमच्याकडे यात आणखी एक पायरी असते. व्यापारी मराठीत लिहितो, शहराच्या पूर्व भागातला मास्तर तो मेसेज मोठ्याने वाचून कामगाराला तेलुगूत सांगतो, आणि गठडी बांधणारा घरी कन्नड बोलणारा असतो. तोंडी सांगताना आकडे टिकतात, रंगाचं नाव टिकतं. ‘तसं’, ‘तेवढं’, ‘त्यातलं’ हे पहिल्याच तोंडात हरवतं.

म्हणून कारखान्यात जाणारा निरोप मी फॉरवर्ड करत नाही. स्वतःच्या शब्दात नव्याने लिहितो, वर ऑर्डर नंबर टाकतो. लिहिताना आपल्यालाच कुठे कळलं नाही ते लगेच समजतं, कारण तिथे हात थांबतो. नवीन पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, ‘दादा, डबल काम कशाला?’ फॉरवर्डला एक सेकंद लागतो हे खरं आहे, आणि डाईंगच्या पातेल्यात सूत पडल्यावर तो सेकंद परत मिळत नाही हेही खरं आहे.

न कळलेल्या मेसेजला अंगठ्याचा इमोजी टाकणं

ही चूक घेणाऱ्याची. मोठा गिऱ्हाईक आहे, परत विचारलं तर चिडेल, म्हणून ‘ओके साहेब’. त्या क्षणापासून चुकीची जबाबदारी तुमची. समोरचा उद्या म्हणणार, तुम्ही ओके म्हणाला होता, आणि त्याचं बरोबर असेल.

विचारायचं कसं, यालाही सवय लागते. नुसतं ‘कोणता?’ लिहिलं तर उत्तर येतं, ‘अरे तोच, सांगितला ना.’ दुसऱ्या टोकाला, आपणच सगळं भरून ‘500 जीएसएम ना साहेब?’ असं विचारलं तर गडबडीतला माणूस न वाचता ‘हो’ म्हणतो. मी असा प्रश्न विचारतो की त्याला ‘हो’ हे उत्तर चालणारच नाही : ‘साहेब, वजन मार्चच्या बिलासारखं 5.6 किलो, का मेच्या बिलासारखं 7 किलो?’ एका मेसेजमध्ये असा एकच प्रश्न. तीन विचारले तर माणूस शेवटच्याचंच उत्तर देतो. दोनदा विचारूनही आकडा आला नाही, तर फोन. आणि फोनवर जे ठरलं ते लगेच मेसेजमध्ये लिहून टाकायचं, नाहीतर आपणही त्याच खड्ड्यात.

बाकीच्या, थोडक्यात

‘परवाचा माल’ लिहू नका, तारीख लिहा. मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला तर परवाही सरकतो, आणि गेलेला परवा का येणारा, हे वाचणाऱ्याला ठरवावं लागतं.

‘यात्रेच्या आत पाठवा.’ सोलापूरकराला यात्रा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. पंढरपूरच्या दुकानदाराला आषाढी, नाहीतर कार्तिकी. इथेही तारीखच.

‘वरच्या फोटोतला दुसरा.’ त्याच्या फोनवर वर कोणता फोटो आहे तुम्हाला माहीत नाही. मधे ग्रुपवर चार फोटो पडलेले असतात. हवा तो फोटो परत पाठवा आणि त्याखाली रंगाचं नाव लिहा. फोटोतला रंग मात्र शेड म्हणून धरू नका. शेडला कापडाचा तुकडाच लागतो.

व्हॉइस मेसेजमध्ये आकडे सांगू नका. मागांच्या खडखडाटात साठ आणि आठ ओळखू येत नाहीत.

पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतो, पण ऑर्डरीत तसं करू नका. समोरच्याने आधीचा आकडा वाचून वहीत उतरवलेला असेल, तर एडिट झाल्याचं त्याला कोणी कळवत नाही. ‘चुकलं, 40 नाही 45 डझन निळा’ असा नवा मेसेज टाका.

ग्रुपमध्ये नव्याने घेतलेल्या माणसाने मागचं सगळं वाचलंय असं धरू नका. त्याच्या फोनवर मागचं चॅट बहुतेक नसतंच. चालू ऑर्डरी एकदा नावानिशी लिहून द्या.