गाडी बुक करायच्या आधी सर्व्हिस सेंटरला एक चक्कर मारा
रत्नागिरीत गाडी घेताय ना, मग शोरूमच्या आधी त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, आणि संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा लोक गाडी न्यायला आलेले असतात. दोघातिघांना सरळ विचारा, सकाळी जॉबकार्डवर एस्टिमेट किती लिहिलेलं आणि आता बिल किती झालं, वाढलं तर आधी फोन करून विचारलं का, बदललेले जुने पार्ट दाखवले का. साडेतीन हजार सांगून न विचारता सहा लावत असतील तर काय ते तिथेच कळतं. आवारात धूळ खात उभ्या गाड्या दिसल्या तर त्या किती दिवस पार्टसाठी अडकल्यात तेही विचारा. आपल्याकडे खाऱ्या हवेने पत्रा लवकर गंजतो, त्यामुळे लिफ्टवर घेतलेली गाडी मालकाला खालून दाखवतात का, हे मी तरी आवर्जून बघतो.