सोसायटीच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची नावनोंदणी: या चुका टाळा

कार्यक्रम लांबला की दोष निवेदकाला किंवा माइकवाल्याला मिळतो. खरी चूक बहुतेक वेळा पंधरा दिवस आधी, नावं घेतानाच झालेली असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मिनिटं न मोजता नुसते कार्यक्रम मोजणं. समजा, 7 ते 9:30 अशी 150 मिनिटं हातात आहेत. भाषणं आणि बक्षिसांना 30 गेली, उरली 120. गाणं चार मिनिटांचं असलं तरी आधीचे उतरणार, पुढचे चढणार, माइक लागणार, म्हणून वर दोन मिनिटं धरा. म्हणजे वीसच कार्यक्रम बसतात, आणि त्यात बारा मिनिटांची नाटिका आली की दोन-तीन गाणी गळतात. म्हणून फॉर्ममध्ये गाण्याची लांबी मिनिटांत विचारा आणि वेळ भरली की पुढची नावं प्रतीक्षा यादीत टाका. ‘बघू, बसवू कुठेतरी’ असं एकदा म्हटलं की सुटका नाही.

दुसरी चूक कागदावर दिसतच नाही. समूहनृत्याची नोंदणी एकच आई करते आणि ‘8 मुली’ एवढंच लिहून मोकळी होते. त्या आठ कोण, ते कळत नाही. मग दोन नृत्यांत त्याच तिघी निघतात, दोन्हींची तालीम बुधवारी सातला लागते आणि दोन्ही गट अर्धेच जमतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये प्रत्येक कार्यक्रमातल्या प्रत्येक मुलाची वेगळी ओळ. पहिल्या रकान्यात फ्लॅट क्रमांक, दुसऱ्यात नाव. मग मोकळ्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून हे सूत्र टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,B2)
```

उत्तर 1 पेक्षा जास्त आलं की ते मूल एकाहून अधिक कार्यक्रमांत आहे. मात्र एकीकडे ‘ईशा’ आणि दुसरीकडे ‘इशा’ लिहिलं असेल तर सूत्र फसतं. त्यामुळे यादी फ्लॅटप्रमाणे लावून एकदा डोळ्यांखालून घालाच.

अशा मुलांच्या तालमी आधी ठरवा, बाकीच्यांच्या उरलेल्या वेळेत. कार्यक्रमाचा क्रम लावतानाही त्यांच्या दोन नृत्यांमध्ये किमान तीन कार्यक्रम ठेवा. सहा मिनिटांच्या हिशेबानं पोशाख बदलायला 18 मिनिटं मिळतात. एकच कार्यक्रम मध्ये ठेवलात, तर निवेदक विनोद सांगत उभा राहील.

वयोगटाचं भांडण एका ओळीनं मिटतं. वय न विचारता जन्मतारीख घ्या आणि ‘वय अमुक तारखेला मोजलं जाईल’ हे फॉर्मच्या वरच लिहा. मिश्र गट असेल तर सर्वांत मोठ्या मुलाचा वयोगट धरा, हेही तिथेच.

आणि गाण्याची फाइल पहिल्या तालमीलाच घ्या. त्या दिवशी ती वाजवून पाहिली की ‘चार मिनिटं’ लिहिलेलं गाणं साडेसहाचं निघतं. तेव्हा ते कापायला वेळ असतो.