सही झाल्यावर दस्तात टायपिंगची चूक सापडली, तर चूकदुरुस्ती पत्र कसे लिहावे

सह्या झाल्या, साक्षीदार निघून गेले, आणि रात्री दस्त परत चाळताना डोळा एका आकड्यावर अडकला. अशा वेळी हात आधी पेनाकडे जातो. ५६ खोडायचे, वर ६५ लिहायचे, झाले. हेच करू नका. सही झालेल्या दस्तावर एका पक्षाने दुसऱ्याच्या माघारी केलेली खाडाखोड अख्ख्या दस्तालाच संशयात टाकते, मग ती कितीही प्रामाणिक असो. मूळ कागद जसा आहे तसा राहू द्यायचा आणि दुरुस्ती वेगळ्या कागदावर करायची. त्या कागदालाच चूकदुरुस्ती पत्र किंवा शुद्धिपत्रक म्हणतात. तो अर्ध्या पानाचा असला तरी पुरतो.

एक नमुना घेऊ. दोघांचे नऊ पानी भागीदारी पत्र आहे. पान ४ वरच्या कलम ७ मध्ये छापले आहे: “नफ्यात पक्षकार क्रमांक १ यांचा हिस्सा ३५ टक्के व पक्षकार क्रमांक २ यांचा हिस्सा ५६ टक्के राहील.” ठरले होते ६५. टाइप करताना आकडे उलटे पडले.

लिहायला बसण्याआधी एक प्रश्न विचारा: ही चूक टायपिंगचीच आहे, हे दस्त स्वतः सांगतो का? इथे सांगतो. ३५ आणि ५६ मिळून ९१ होतात, उरलेले ९ टक्के कोणाचेच नाहीत. शिवाय कलम ८ मध्ये तोटा “३५ आणि ६५ या प्रमाणात” सोसायचा आहे. तिऱ्हाइताने वाचले तरी त्याला चूक कळेल. याउलट, समजा कलम १२ मध्ये “हिस्सा परस्पर विकता येईल” असे छापले आहे आणि एक भागीदार म्हणतो की “विकता येणार नाही” असे ठरले होते. कदाचित तो खरेच बोलत असेल, पण कागद त्याच्या बाजूने काही बोलत नाही. दोघेही मान्य करत असतील, तर ती गोष्ट पुरवणी करारात, नव्याने ठरवल्यासारखी लिहावी. चूकदुरुस्ती पत्राच्या आडून अट बदलली, तर पुढे कोणीतरी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवते.

आता सही झालेली प्रत समोर ठेवा. संगणकातली फाइल नको. मी एकदा फाइल पाहून पान ५ असे लिहिले आणि सही झालेल्या प्रतीत ते कलम पान ४ वर होते. छापताना समास बदलल्यामुळे मजकूर वर सरकला होता. चूक दुरुस्त करणाऱ्या कागदातच चूक निघाली आणि सगळ्यांना परत सहीला बोलवावे लागले. तेव्हापासून पान, कलम आणि शब्द हे तिन्ही मी कागदावर बोट ठेवूनच उतरवतो.

तोच आकडा दस्तात आणखी कुठे आहे, हेही शोधा. आपल्या नमुन्यात पान १ वर गाळा क्रमांक ५६ आहे, आणि तो बरोबर आहे. म्हणून “दस्तात जिथे ५६ आहे तिथे ६५ वाचावे” असे लिहिले तर पत्ता बिघडेल. नुसते “कलम ७ मध्ये ५६ ऐवजी ६५” हे चालून जाईल, पण मी पूर्ण वाक्य उतरवणेच पसंत करतो. जुने वाक्य जसेच्या तसे लिहायचे, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक असली तरी तीही तशीच ठेवायची, कारण तो उतारा आहे. त्याखाली दुरुस्त वाक्य पूर्ण द्यायचे. त्यात आकडा अक्षरीही लिहावा, म्हणजे तो पुन्हा उलटा पडला तरी लगेच उघडा पडेल.

मजकूर असा होईल:

“चूकदुरुस्ती पत्र. आम्ही खाली सही करणाऱ्या दोन्ही पक्षकारांनी दिनांक १२ जून २०२३ रोजी सही केलेल्या नऊ पानी भागीदारी पत्रात पान ४, कलम ७ मध्ये टंकनाची चूक राहिली आहे. तेथील ‘नफ्यात पक्षकार क्रमांक १ यांचा हिस्सा ३५ टक्के व पक्षकार क्रमांक २ यांचा हिस्सा ५६ टक्के राहील’ या वाक्याऐवजी ‘नफ्यात पक्षकार क्रमांक १ यांचा हिस्सा ३५ टक्के (अक्षरी पस्तीस टक्के) व पक्षकार क्रमांक २ यांचा हिस्सा ६५ टक्के (अक्षरी पासष्ट टक्के) राहील’ असे वाक्य मूळ तारखेपासूनच वाचावे. ही दुरुस्ती केवळ टंकनदोषाची असून भागीदारी पत्रातील इतर सर्व मजकूर कायम आहे. हे पत्र त्या भागीदारी पत्राचा भाग समजावे.”

यातले “मूळ तारखेपासूनच” हे शब्द गाळू नका. ते नसतील तर दुरुस्ती आजपासून लागू, असा अर्थ कोणी काढू शकते, आणि मधल्या महिन्यांचा नफा कोणत्या हिश्शाने वाटायचा हा वाद उभा राहतो. पण पत्राच्या खाली तारीख मात्र आजचीच, ज्या दिवशी सह्या होतील तीच घाला. मागची तारीख टाकण्याचा मोह होतो, कारण कागद एकत्र नीट दिसतात. ती खोटी तारीख ठरते, आणि लपवायला तर इथे काहीच नाही. चूक का झाली, कोणी केली, कोणाला वाईट वाटले, यातले काहीही पत्रात नको.

सहीआधी एकाने पत्र मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ दस्तावर बोट फिरवत ऐकावे. आकडे एकेक अंक सुटा म्हणून वाचावेत: सहा, पाच. “पासष्ट” असे सलग वाचले की कान ऐकायचे तेच ऐकतो.

मूळ दस्तावर ज्यांच्या सह्या आहेत, त्या सर्वांच्या सह्या या पत्रावर हव्यात. एकट्याने सही करून पाठवलेले पत्र म्हणजे फक्त त्याचे म्हणणे. मूळ दस्ताला साक्षीदार असतील तर इथेही दोन घ्यावेत; तेच असते तर उत्तम, पण नवे चालतात. एखादा पक्षकार हयात नसेल किंवा सहीला नकार देत असेल, तर हे पत्र त्या कामाचे नाही. तिथे वकिलाकडे जावे. दस्त नोंदणीकृत असेल, तर साधे पत्र सहसा पुरत नाही. दुरुस्तीचा दस्तही रीतसर नोंदवावा लागतो, आणि त्यात मूळ नोंदणी क्रमांक पहिल्याच वाक्यात यावा.

मूळ दस्ताच्या जितक्या प्रती, तितक्याच प्रती या पत्राच्या काढाव्यात आणि प्रत्येक प्रतीला एक जोडावी. बँक, हिशेबनीस किंवा आणखी कोणाकडे दस्ताची नक्कल गेली असेल, तर तिथेही एक प्रत पोचवून पोच घ्यावी. नाहीतर आपल्या कपाटात ६५ आणि बँकेच्या फाइलमध्ये ५६.